चुकल्यावर काय होतं, ते मुलं पाहत असतात: वर्गात विश्वास कसा बसवायचा

वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला आपण पटकन लाजाळू म्हणून मोकळे होतो. पण तेच मूल मधल्या सुट्टीत कबड्डीचा डाव चालवत असतं आणि खिचडीच्या रांगेत घुसणाऱ्याला चार शब्द सुनावत असतं. वर्गात ते गप्प बसतं कारण त्याने एक हिशेब केलेला असतो. उत्तर दिलं आणि चुकलं, तर मॅडम काय म्हणतील, शेजारचे हसतील का, 'बस खाली' म्हणून पुढच्याला विचारतील का? पहिली-दुसरीत जे पाहिलं त्यावरून त्याने ठरवलेलं असतं की न बोलणं स्वस्त पडतं.

शिक्षकावरचा विश्वास म्हणतात तो वर्गापुरता तरी हाच अंदाज असतो. 'घाबरू नका, नाही समजलं तर विचारा' हे आपण सगळेच जून संपताना सांगतो आणि मुलं मान डोलावतात. त्याने अंदाज बदलत नाही. रोज तीच छोटी गोष्ट त्याच पद्धतीने घडली आणि पाच-पन्नास वेळा घडली, की बदलतो. त्या गोष्टी कोणत्या आणि त्या कशा करायच्या, ते इथे क्रमाने सांगते. डोळ्यांसमोर यवतमाळच्या कापूसपट्ट्यातली द्विशिक्षकी शाळा ठेवली आहे. वर्ग चौथीचा, पटावर तीसेक मुलं. काही गावातली, काही तांड्यावरची, दोन-चार कोलाम आदिवासींच्या पोडावरची. आपल्याकडे उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी भरते. त्यामुळे दिवाळीपर्यंत हाती येणारे दिवस मोजकेच असतात आणि सगळी पायाभरणी तेवढ्यातच उरकावी लागते.

आधी आठवडाभर फक्त नोंद करा

वर्गात काही बदलण्याआधी एक कागद करा. पुठ्ठ्यावर मुलांच्या नावांची यादी चिकटवा आणि पेन्सिल जवळ ठेवा. एखाद्याला नाव घेऊन प्रश्न विचारला की त्याच्यापुढे टिंब द्या. त्याने तोंड उघडलं तर टिंबाभोवती गोल करा, मग उत्तर बरोबर असो वा चूक. त्याच्याशी अभ्यास सोडून काही बोललात तर फुली. शिकवता शिकवता जमत नसेल, तर पोषण आहाराच्या सुट्टीत आठवून भरा. दिवसातून एकच तास नोंदवला तरी पुरे.

शनिवारी यादी पाहिली की बहुतेक शिक्षकांना धक्का बसतो. पाच-सात नावांपुढे गोलांची गर्दी, मधल्या नावांपुढे तुरळक टिंबं आणि चार-पाच नावांपुढे आठवड्याभरात काहीच नाही. ना प्रश्न, ना रागावणं, ना गप्पा. ही मुलं त्रास देत नाहीत म्हणून नजरेतून सुटतात. खोडकर मुलाशी आपण दिवसातून दहा वेळा बोलतो, भले रागावून बोलू. या मुलांशी काहीच बोलत नाही.

रिकाम्या ओळींतली दोनच नावं निवडा. सगळ्यांसाठी एकदम काही करायला गेलात तर आठ दिवसांत थकाल. त्याचबरोबर या दोघांना नीट ऐकू येतं का, फळ्यावरचं दिसतं का, हे पाहून घ्या. मुलाच्या पाठीमागे चार-पाच पावलांवर उभं राहून हळू आवाजात त्याचं नाव घ्या. शेवटच्या रांगेतून फळ्यावरचे आकडे वाचून दाखवायला सांगा. कान वाहत असेल, मूल डोळे बारीक करत असेल, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा त्याचं नाव पुढे करा आणि पथक यायला वेळ असेल तर आधीच ग्रामीण रुग्णालयात दाखवायला घरच्यांना सांगा. ज्याला प्रश्नच ऐकू जात नाही, त्याच्यापुढे बाकीचे सगळे उपाय वाया.

दारातलं पहिलं वाक्य

परिपाठ संपवून मुलं वर्गात येतात तेव्हा शिक्षक बहुधा खुर्चीत हजेरीपट घेऊन बसलेला असतो, नाहीतर मोबाइलवर कुठली तरी ऑनलाइन माहिती भरत असतो. त्याऐवजी दारात उभं राहा. प्रत्येकाचं नाव घ्या, तोंडाकडे पाहा, एखादा शब्द बोला. तीस मुलांना दोन मिनिटंही लागत नाहीत. अमेरिकेत क्लेटन कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दारातलं स्वागत तपासलं होतं. ज्या वर्गांत ते नेमाने झालं, तिथे मुलांचं अभ्यासाकडे लक्ष असलेला वेळ २० टक्केबिंदूंनी वाढलेला दिसला. ते वर्ग आपल्यासारखे नव्हते हे खरं, पण करून पाहायला काही खर्च नाही.

जपायचं एवढंच की दारातलं पहिलं वाक्य तपासणीचं नको. 'नखं दाखव', 'गणवेश कुठाय', 'आधार कार्ड आणलं का' हे विचारावं लागतंच, पण ते नंतर आणि शक्यतो बाजूला घेऊन. ज्या घरात गणवेशाचा एकच जोड आहे आणि रात्री धुतलेला तो पावसाने वाळला नाही, त्या मुलाला रोज सकाळी सगळ्यांसमोर तेच विचारलं, तर ते दारातून नजर चुकवूनच आत येईल.

नावाचंही तसंच. हजेरीत एक नाव, घरी दुसरंच. कोलामी किंवा गोरमाटी घरातलं नाव आपण आपल्या सोयीने वाकवून घेतो. मुलाला विचारा, त्याच्या तोंडून दोनदा ऐका आणि तसंच म्हणा. द्विशिक्षकी शाळेत एका शिक्षकावर दोन-दोन वर्ग असतात, त्यामुळे रोज दार जमणार नाही. मग हेच काम पाण्याच्या टाकीजवळ किंवा खिचडी वाढताना करा. जागा कोणतीही चालेल, फक्त खंड पडू नये.

प्रश्न विचारल्यावर थांबा

'समजलं का?' आणि त्यावर वर्गाचा एका सुरात 'हो मॅडम!' ही आपली जुनी सवय. या सुरात गप्प मूल बिनधोक लपतं. ओठ हलवले की झालं. म्हणून सामूहिक उत्तरं पाढ्यांपुरती आणि कवितांपुरती ठेवा.

एरवी प्रश्न विचारा आणि मनात तीन अंक मोजेपर्यंत कुणाचंही नाव घेऊ नका. अमेरिकेतल्या संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असं दिसलं. तोच वेळ तीन सेकंदांवर नेल्यावर उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, पण फळ्यापुढे उभं राहून थांबून पाहा, फार जड जातात. जे मूल आधी प्रश्न मराठीत समजून घेतं, कोलामीत विचार करतं आणि पुन्हा मराठीत उत्तर जुळवतं, त्याला तर त्याहून जास्त लागतात.

गप्प मुलाला थेट उभं करू नका. आधी सगळ्यांना पाटीवर उत्तर लिहायला सांगा. मग शेजाऱ्याला दाखवायला सांगा. तेवढ्यात तुम्ही फिरता आणि त्याच्या पाटीवर नजर टाकता. उत्तर बरोबर दिसलं की हळूच सांगा, 'हे मी आता तुला विचारणार आहे.' पहिले काही दिवस त्याने तोंड उघडावं ते बरोबर उत्तरासाठी, आणि तेही आधी कळवून.

आणखी एक. उत्तर वऱ्हाडीत आलं तर उत्तरच ऐका. 'मॅडम, पानी तापलं की त्याची वाफ होऊन वर जाते' यातलं विज्ञान बरोबर आहे. 'पानी नाही, पाणी' असं मध्येच तोडलं तर मुलाला कळतं की इथे म्हणण्यापेक्षा म्हणायची पद्धत मोठी. 'बरोबर, पाणी तापलं की वाफ होते, मग पुढे?' एवढं म्हटलं की प्रमाण शब्दही कानावर पडतो आणि बोलणंही तुटत नाही.

चुकीच्या उत्तरानंतरचं एक मिनिट

एकच गोष्ट करायला वेळ असेल तर ही करा. बाकी सगळ्यातून जे कमावलं ते इथे टिकतं किंवा जातं.

उदाहरण घेऊ. फळ्यावर वजाबाकी आहे: ४०३ वजा १७८. निवडलेल्या दोघांपैकी एक मुलगी, बसते खिडकीखाली, बोलत नाही. तिने लिहिलं ३७५. आपल्या तोंडून सवयीने निघतं, 'चूक. कोणाला येतं?' आणि पुढच्या बाकावरचा हुशार पोरगा ओरडतो, 'दोनशे पंचवीस!' आपण शाब्बास म्हणतो, गाडी पुढे. वर्गाला उत्तर मिळालं. मुलीला मिळालं ते एवढंच की मी चुकले आणि त्याला आलं.

आता ३७५ कडे नीट पाहा. एककात ३ मधून ८ जात नाहीत म्हणून तिने ८ मधून ३ काढले, ५ आले. दशकात ० मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून ० काढले, ७ आले. शतकात ४ मधून १ गेला, ३ राहिले. म्हणजे तिला वजाबाकी येते, मोठ्यातून लहान जातो हेही माहीत आहे. तिने नियम लावलाय, फक्त तो प्रत्येक घरात उलटसुलट लावलाय. ही चूक अंदाजे ठोकलेली नाही आणि ती चौथीच्या वर्गात हमखास सापडते.

म्हणून पहिलं वाक्य असं: 'हे ५ कसे आले, मला सांग.' आवाज नेहमीचाच ठेवा. फार गोड आवाज काढला तरी मुलांना कळतं की काहीतरी चुकलंय. ती म्हणेल, 'आठातून तीन काहाडले.' तुम्ही म्हणा, 'बरं. तीनातून आठ जात नाहीत, हे तू ओळखलंस. ते बरोबर आहे. आता हे आठ आपल्याला द्यायचे आहेत की आपल्याकडे आहेत?' इथे थांबा. मागून कुणी उत्तर फेकलं तर हाताने थांबवा: 'आता आम्ही दोघी बोलतोय.'

मग खराट्याच्या काड्या काढा. शंभराचे चार गठ्ठे आणि सुट्या तीन. शंभराचा गठ्ठा दहा-दहाच्या दहा जुड्यांचा बांधलेला असावा, म्हणजे सोडता येतो. कुणाला तरी १७८ काड्या द्यायच्या आहेत. सुट्या आठ हव्यात, आहेत तीन. दहाची जुडी सोडावी म्हटलं तर सुटी जुडी एकही नाही. म्हणून शंभराचा एक गठ्ठा तिलाच सोडू द्या: दहा जुड्या झाल्या. त्यातली एक सोडली: दहा सुट्या. आता तिच्यापुढे तीन गठ्ठे, नऊ जुड्या आणि तेरा सुट्या काड्या आहेत. आठ दिल्या, पाच उरल्या. सात जुड्या दिल्या, दोन उरल्या. एक गठ्ठा दिला, दोन उरले. दोनशे पंचवीस. हे तिच्या हाताने झालं पाहिजे आणि शेवटचा आकडा तिच्या तोंडून यायला हवा.

इथे थांबू नका. बाकीच्या वर्गाला दोन गणितं द्या आणि त्याच तासात, घंटा व्हायच्या आत, तिच्याकडे परत या: ५०२ वजा २६७. जुनी रीत कायम असेल तर ३६५ येईल, नवी बसली असेल तर २३५. म्हणजे उत्तर पाहिलं की काय झालं ते लगेच कळतं. २३५ आलं तर तिला फळ्यावर करू द्या. ३६५ आलं तर पुन्हा काड्या काढा आणि फळा उद्यावर ठेवा. चुकल्यानंतर शिक्षक परत आला आणि तासाचा शेवट जमलेल्या गणिताने झाला, हे दोन्ही तिच्या लक्षात राहतं. पुढच्या वेळी हात वर करायचा की नाही, हे ती त्यावरून ठरवते.

वर्ग हसला तर? हसतोच. त्यावर पाच मिनिटांचं भाषण दिलं की ज्याच्यावर हसले ते मूल आणखी उघडं पडतं. हसणाऱ्याकडे पाहून 'आपण ऐकतोय' एवढंच म्हणायचं आणि मुलीकडे वळायचं. त्याला नंतर बाजूला घेऊन बोला. हे दरवेळी तसंच व्हायला हवं. सोमवारी हसणं थांबवलं आणि बुधवारी तुम्हीच गालात हसलात, तर सोमवारचं पुसलं गेलं.

वहीवर एक ओळ

वह्यांच्या गठ्ठ्यावर लाल फुल्या मारत जाणं सगळ्यात जलद. पण नुसती फुली मुलाला 'तू चुकलास' सांगते, 'पुढे काय कर' सांगत नाही. अमेरिकेत डेव्हिड येगर, जेफ्री कोहेन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग इथे उपयोगी आहे. सातवीच्या मुलांच्या निबंधांवर शिक्षकांनी सुधारणा लिहिल्या. काही निबंधांवर आणखी एक चिठ्ठी लावली, तिचा आशय असा: माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहिलंय. ती चिठ्ठी मिळालेल्यांपैकी अधिक मुलांनी निबंध पुन्हा लिहून आणला आणि सगळ्यात जास्त फरक शाळेवर ज्यांचा विश्वास कमी होता त्या मुलांत दिसला. चुका दाखवणारा माणूस आपल्याला कमी लेखत नाही एवढं कळलं की मूल परत मेहनत करायला बसतं.

आपल्या वहीत ते असं लिहिता येईल: 'दशकाचा हातचा तू दोन ठिकाणी बरोबर घेतलास. तिसऱ्या ठिकाणी का सुटला ते शोध. तुला सापडेल, उद्या मला दाखव.' रोज तीस वह्यांत हे होणार नाही. दिवसाला पाच वह्या घ्या म्हणजे आठवड्यात सगळा वर्ग होतो. बाकीच्यांना नेहमीसारखं तपासा. उद्या दाखव म्हटलंत तर उद्या आठवणीने मागा. नाहीतर ती ओळ न लिहिलेली बरी.

खोटं कौतुक मात्र टाळा. शेजाऱ्याचं उतरवून आणलेल्या गणितावर 'खूप छान' लिहिलं की मुलाला कळतं, मॅडम वाचत नाहीत.

दोन मिनिटं, अभ्यास सोडून

रेमंड व्लोडकोव्स्की या शिक्षणतज्ज्ञाच्या नावाने एक साधी रीत ओळखली जाते. निवडलेल्या एका मुलाशी रोज दोन मिनिटं, सलग दहा दिवस, अभ्यास आणि वागणूक सोडून बोलायचं. आपल्याकडे विषयांची कमी नाही. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल कोणी सजवला, बकरीला किती पिल्लं झाली, पाऊस थांबला की नाल्यावर खेकडे मिळतात का.

पहिले तीन-चार दिवस 'हो', 'नाई', 'माईत नाई' याच्यापुढे गाडी जात नाही. तेव्हा प्रश्नांची सरबत्ती करू नका, चौकशी वाटते. स्वतःचंच काही सांगा: 'आमच्या घरामागं रात्री साप निघाला.' सापावर बोलल्याशिवाय कुणी राहत नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी मूल आपणहून काही सांगायला आलं की समजा लागलं.

काही गोष्टी विचारायच्या नाहीत. वडील पितात का, कर्ज किती आहे, घरात भांडण का झालं. आपल्या भागात कर्त्या माणसाने जीव दिलेली घरं आहेत आणि वर्गात त्या घरचं लेकरू असू शकतं. 'बाबा काय करतात' हा साधा वाटणारा प्रश्नही आधी गावात माहिती काढून मगच विचारावा. मूल स्वतः बोललं तर ऐकून घ्या, सगळ्यांसमोर पुन्हा काढू नका. पण कुणी त्रास देतं, अंगाला हात लावतं असं काही सांगितलं, तर 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. २०१२च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे.

आणि हे बोलणं व्हरांड्यात, सगळ्यांना दिसेल असं. बंद खोलीत नाही, शाळा सुटल्यावर एकटं थांबवून नाही. खाऊ-भेटवस्तूही नकोत, त्याने बाकीच्या मुलांना पंगतीतला दुजाभाव दिसतो.

वेचणीवरून परत आलेलं मूल

सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, मग कापसाची वेचणी. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, म्हणून घरातले जितके हात वावरात तितकं बरं. मोठी मुलगी वेचायला नाहीतर झाडाखाली लहानग्याला सांभाळायला जाते. वजाबाकी जमू लागलेली आपली ही मुलगी दिवाळीनंतर दोन आठवडे आलीच नाही. मग एका सोमवारी दारात उभी राहिली, बोटं बोंडांनी ओरखडलेली.

'काहून नाई आली गं इतके दिवस?' हे वर्गासमोर विचारलं की ती खाली मान घालून 'वेचाले गेलती' म्हणते आणि चार जण हसतात. तिच्या हातात नव्हतं त्याचा जाब तिला द्यावा लागला. वर 'सगळं उतरवून काढ' म्हटलं की दोन आठवड्यांच्या पानांचा डोंगर पाहून ती मंगळवारी येतच नाही. गैरहजेरी इथेच लांबते.

त्याऐवजी: 'आलीस, बरं झालं. बस. काय राहिलं ते मी दुपारी दाखवते.' दुपारी तिला सगळं देऊ नका. मागच्या दोन आठवड्यांतलं असं काय आहे, ज्याच्यावाचून पुढचं अडतं, ते काढा. तीन अंकी संख्येला एका अंकाने गुणणं असेल, तर तेवढंच. भाषेतला एखादा पाठ सुटला तर सुटू द्या. यासाठी गैरहजर मुलांच्या नावाचा एक जुना लिफाफा ठेवा आणि दर शुक्रवारी त्यात 'हे आलंच पाहिजे' अशी एक चिठ्ठी टाका. गणित तिच्याच वेचणीतलं घ्या. रोज किती किलो वेचला, सहा दिवसांत किती झाला, किलोमागे एवढे रुपये तर हातात किती यायला हवेत. या विषयात वर्गातल्या हुशार पोराहून तिला जास्त कळतं आणि ते सगळ्यांना दिसू द्या.

याचा अर्थ शाळा बुडवणं चालतं असा नाही. ते बोलणं तिच्या आईशी, संध्याकाळी, घरी जाऊन. मात्र घरची पहिली भेट तक्रारीची नको. ती ऑगस्टमध्येच झालेली असावी आणि त्या वेळी मुलीला काय येतं एवढंच सांगून यावं. मग नोव्हेंबरात आई उंबऱ्यावर बसवून पाणी देते आणि खरं बोलते: 'मॅडम, लहान्याले पाहाले घरी कोनी नाई.' आता प्रश्न नेमका झाला, तर उत्तर शोधता येतं. लहाना अंगणवाडीच्या वयाचा आहे का, आजी दुपारपर्यंत सांभाळेल का, निदान आठवड्यातले चार दिवस मुलगी येईल का. घरचे बाहेरगावी मजुरीला जाणार असतील तर शाळा व्यवस्थापन समितीत विषय काढून हंगामी वसतिगृहाची सोय होते का ते विचारा, आणि मूल सोबत जाणारच असेल तर शिक्षण हमी पत्रक भरून द्या, म्हणजे तिकडच्या शाळेत त्याला बसता येईल. सगळ्याच घरी मार्ग निघत नाही. मजुरीपुढे शाळा हरते तेव्हा मुलीवर राग काढायचा नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

फरक पडतोय हे कसं कळतं

पहिली खूण उलटी वाटते: चुकीची उत्तरं वाढतात. जे मूल गप्प होतं ते आता बोलतं, म्हणून चुकतंही. तुमच्या यादीत गोल वाढले आणि गुण तिथेच असले तरी घाबरू नका. दुसरी खूण वहीत दिसते. आधी पान हाताने झाकलं जायचं, खोडून खोडून कागद फाटायचा. आता खोडाखोड उघडी दिसते, एकाच गणिताचे दोन प्रयत्न दिसतात. तिसरी खूण म्हणजे 'मॅडम, हे नाई समजलं' हे वाक्य, न विचारता आलेलं. ते आलं की त्या मुलाचं काम बरंचसं झालं, पुढच्या नावाकडे वळा.

फसवी खूणही आहे. मुलं भोवती गोळा होतात, हात धरतात, विनोदावर हसतात आणि वह्या कोऱ्या. असे लाडके सर-मॅडम प्रत्येक केंद्रात एखादे असतात. मुलांना ते आवडतात, पण चुकल्यावर ते काय करतील हे मुलांनी पाहिलेलंच नसतं, कारण तिथे अवघड काही विचारलंच जात नाही.

महिना-दीड महिना नेमाने करूनही एखाद्या मुलात काहीच हललं नाही, तर त्याला तुमच्या वर्गापेक्षा खालच्या इयत्तेचं शिकवावं लागणार आहे, असं समजा. ज्याला २४ वाचता येत नाहीत त्याला ४०३ वर प्रेमाने विचारलं तरी ते अपमानच. आधी त्याची पायरी शोधा.

आणि मार. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्हींवर बंदी घातली आहे, हे सगळ्यांना पाठ आहे. तरी कोंबडा, उठाबशा, 'ढोरं राखायलाच जाशील' हे अजून ऐकू येतं. एका मुलाला मारलं की उरलेली सगळी मुलंही आपापला हिशेब बदलतात. दुसऱ्या शिक्षकाची पद्धत वेगळी असेल तर त्यांच्याशी मुलांसमोर वाद घालू नका. यादीचा कागद दाखवा आणि त्यांच्या वर्गात एक आठवडा करून पाहा म्हणावं.

वर्ग सोडताना

एप्रिलमध्ये मुलं पाचवीत जातात नाहीतर तुमची बदली होते, आणि नवा शिक्षक पुन्हा कोऱ्या यादीपासून सुरू करतो. वर्णनात्मक नोंदीत आपण 'स्वाध्याय वेळेवर करते', 'सर्वांशी मिळून मिसळून वागते' असं तेच ते लिहितो. प्रगतिपत्रकात काय हवं ते लिहा, पण सोबत एक वेगळा कागद द्या, मुलामागे एक-दोन ओळींचा. या मुलीची ओळ अशी होईल: 'आधी पाटीवर लिहू दिलं की मग बोलते. चुकली तर त्याच तासात परत विचारा. शून्यावरून हातचा घेताना काड्या लागतात. ऑक्टोबर ते जानेवारी वेचणीमुळे दांड्या पडतात. आईशी बोलता येतं, संध्याकाळी सहानंतर घरी असते.'